छाप कधीची आणि कंपनी कधीची: ब्रँडचे जन्मवर्ष शोधण्याची रीत

"बजाज कधीची?" असे छत्रपती संभाजीनगरात पाच माणसांना विचारले, तर 1926, 1945, 1972, 1985 आणि 2007 अशी पाच उत्तरे मिळू शकतात, आणि गंमत अशी की यांतले एकही वर्ष खोटे नाही. 1926 हे जमनालाल बजाज यांनी उद्योगसमूह सुरू केल्याचे वर्ष, 1945 हे एका जुन्या कंपनीच्या नोंदणीचे, 1972 हे चेतक स्कूटर बाजारात आल्याचे, 1985 हे वाळूजचा कारखाना सुरू झाल्याचे आणि 2007 हे आज बजाज ऑटो लिमिटेड या नावाने व्यवहार करणाऱ्या कंपनीच्या नोंदणीचे वर्ष आहे. चूक होते ती प्रश्नात, कारण "बजाज" हा शब्द उच्चारताना समूह, छाप, स्कूटर, कारखाना आणि कंपनी यांपैकी आपल्याला नेमके काय अभिप्रेत आहे हे आपण सांगितलेलेच नसते.

उद्योगसूची, स्मरणिका किंवा गावातील व्यापारपेठेचा इतिहास लिहायला नव्याने बसलेल्या माणसाने म्हणूनच आरंभी वहीत तीन रकाने पाडावेत. पहिल्यात ही छाप मालावर प्रथम केव्हा लागली ते लिहावे, दुसऱ्यात त्या मालाचा धंदा केव्हा सुरू झाला ते, आणि तिसऱ्यात आज त्या छापेची मालक असलेली कंपनी केव्हा नोंदली गेली ते. हे तिन्ही रकाने वेगवेगळ्या कागदांवरून भरायचे असतात, आणि एका रकान्याचा पुरावा दुसऱ्यात कधीही चालवून घ्यायचा नसतो. सगळी शिस्त एवढीच आहे. पुढे सांगितलेल्या पायऱ्या ती पाळण्यासाठी आहेत.

आधी वेष्टन वाचावे

कामाची सुरुवात संगणकापासून न करता मालाच्या वेष्टनापासून करावी. समजा, गुलमंडीतून आणलेले मसाल्याचे एक पाकीट आपल्यासमोर आहे आणि त्यावर ठळक अक्षरांत "स्थापना 1958" असे छापले आहे. या ओळीला कर्ता नाही, ही पहिली गोष्ट लक्षात घ्यावी. स्थापना कशाची झाली, दुकानाची, छापेची की कंपनीची, हे पाकीट सांगत नाही आणि बहुधा मुद्दामच सांगत नाही. पाकीट उलटे केले की मागे बारीक अक्षरांत उत्पादकाचे नाव, विक्रेत्याचे नाव, अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक आणि कधीकधी जीएसटी क्रमांक सापडतो. उत्पादक आणि विक्रेता वेगळे असतील, तर उत्पादक हा केवळ ठेक्याने माल बनवून देणारा असू शकतो. तेव्हा छापेचा मालक तोच आहे असे गृहीत धरू नये.

जीएसटी क्रमांकाच्या 15 अक्षरांपैकी पहिले दोन अंक राज्याचे असतात आणि महाराष्ट्रासाठी ते 27 आहेत. पुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा पॅन, आणि त्यामुळे संपूर्ण क्रमांकातले सहावे अक्षर मालक कोणत्या प्रकारचा आहे हे सांगून जाते: P असेल तर व्यक्ती, F असेल तर भागीदारी, H असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब आणि C असेल तर कंपनी. या एका अक्षरावरून पुढे कंपनी निबंधकाकडे शोधायचे की भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे, हे ठरते आणि निम्मी पायपीट वाचते.

मात्र याच ठिकाणी एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलेलो आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख दिसते. एका स्मरणिकेसाठी तीसेक दुकानांची यादी करताना मी ती तारीख सरळ उतरवून घेतली आणि अर्ध्याहून अधिक दुकानांची स्थापना 1 जुलै 2017 रोजी झाल्याचे छापून आले. त्या दिवशी देशात जीएसटी लागू झाला आणि जुन्या विक्रीकराखाली आधीपासून नोंदलेले व्यापारी त्याच तारखेने नव्या व्यवस्थेत आले, एवढाच त्या तारखेचा अर्थ होता. एका वयस्कर दुकानदाराने स्मरणिका हातात घेऊन, "म्हणजे माझ्या लग्नात वडिलांनी उधारीवर माल दिला तो कोणत्या दुकानातून?" असे विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. अन्न परवान्याचेही असेच आहे. त्या क्रमांकातला चौथा आणि पाचवा अंक परवान्याचे वर्ष दाखवतो, परंतु ही परवाना पद्धतच 2011 मध्ये सुरू झाली असल्यामुळे त्याआधीच्या काळाबद्दल तो क्रमांक काहीच सांगू शकत नाही. जे एकाच वर्षी सर्वांना लागू झाले, ते कोणाचेही जन्मवर्ष नसते.

कंपनीचा क्रमांक उलगडणे

मालक कंपनी आहे असे ठरले, की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर तिची मूळ माहिती पाहावी. तेथे प्रत्येक कंपनीला 21 अक्षरांचा ओळख क्रमांक दिलेला असतो. बजाज ऑटोचा क्रमांक असा आहे:

```
L65993PN2007PLC130076
```

पहिले L म्हणजे कंपनीचे समभाग बाजारात नोंदलेले आहेत. ते नसते तर तेथे U असते. त्यापुढचे पाच अंक व्यवसायाच्या प्रकाराचे, PN हे पुण्याच्या निबंधक कार्यालयाचे, 2007 हे नोंदणीचे वर्ष, PLC म्हणजे पब्लिक लिमिटेड आणि अखेरचे सहा अंक हा निबंधकाकडचा अनुक्रमांक. मराठवाड्यातील कंपन्यांच्या क्रमांकात राज्याच्या जागी सामान्यतः MH दिसते.

या क्रमांकातले वर्ष कोणत्या बदलांनी हलते आणि कोणत्या बदलांनी हलत नाही, हे समजून घेतले तर पुढचा गोंधळ टळतो. कंपनीने नाव बदलले, प्रायव्हेटची पब्लिक झाली, समभाग बाजारात आणले किंवा नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात नेले, तरी वर्ष तेच राहते. बाकीची काही अक्षरे तेवढी बदलतात. परंतु वडिलोपार्जित भागीदारीचे रूपांतर कंपनीत झाले, किंवा चालता धंदा एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत गेला, तर क्रमांकात नव्या कंपनीचे वर्ष येते आणि मागची सगळी वर्षे दृष्टिआड होतात. जालना किंवा लातूरच्या पेठेतल्या पन्नास-साठ वर्षे चाललेल्या एखाद्या पेढीची "2011 ची कंपनी" होते ती अशी.

बजाजची नोंद भरून पाहू

वरच्या क्रमांकात एक विसंगती चटकन डोळ्यांत भरते. दुचाकी आणि रिक्षा बनवणाऱ्या कंपनीच्या व्यवसायाचा संकेतांक 65 ने सुरू होतो, आणि तो वित्तव्यवहाराचा गट आहे. अशी विसंगती दिसली की थांबावे, कारण कागद काहीतरी सांगू पाहत असतो.

येथे घडले ते असे. 29 नोव्हेंबर 1945 रोजी बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन प्रायव्हेट लिमिटेड या नावाची कंपनी नोंदली गेली. तिने 1948 पासून परदेशी दुचाकी-तीनचाकी आणून विकल्या, 1959 मध्ये तिला भारत सरकारकडून त्या येथेच बनवण्याचा परवाना मिळाला आणि 1960 मध्ये ती पब्लिक लिमिटेड होऊन तिचे नाव बजाज ऑटो झाले. याच कंपनीने इटलीच्या पियाज्जिओशी करार करून व्हेस्पा बनवली, करार संपल्यावर 1972 मध्ये स्वतःच्या नावाची चेतक आणली, 1985 मध्ये वाळूजचा कारखाना उभा केला आणि 2001 मध्ये पल्सर बाजारात उतरवली. नंतर समूहाने वाहनांचा धंदा, वित्तसेवेचा धंदा आणि गुंतवणुका एकमेकांपासून वेगळ्या करायचे ठरवले. त्यासाठी 30 एप्रिल 2007 रोजी बजाज इन्व्हेस्टमेंट अँड होल्डिंग या नावाची नवी कंपनी नोंदण्यात आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली विभाजनाची योजना फेब्रुवारी 2008 मध्ये अमलात आल्यावर वाहनांचा सगळा धंदा तिच्याकडे गेला. त्यानंतर नवीचे नाव बजाज ऑटो लिमिटेड झाले आणि 1945 ची जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट लिमिटेड या नावाने गुंतवणुका सांभाळत राहिली.

म्हणजे येथे नावांची अदलाबदल झाली आहे. आजच्या बजाज ऑटोच्या क्रमांकात वित्ताचा संकेतांक का आहे, याचा उलगडा तिच्या जन्मनावावरून होतो. नवोदिताला हे उदाहरण सांगावेसे वाटते ते यासाठी की येथे दोन्ही बाजूंनी फसगत होते. कंपनीचे नाव पाहून जुन्या कंपनीचा इतिहास शोधणारा 2007 च्या नोंदणीवर येऊन अडकतो, आणि 1945 ची नोंदणी हाती लागलेला माणूस आज एकही वाहन न बनवणाऱ्या कंपनीपाशी जाऊन पोचतो. धंदा अखंड आहे, छाप अखंड आहे, वाळूजच्या कारखान्यात पाळी बदलण्याची वेळही त्या दिवशी चुकली नसेल. बदलली ती केवळ कायद्याच्या दृष्टीने मालक असलेली व्यक्ती.

आता आपले तीन रकाने भरता येतात. चेतकविषयी लिहायचे असेल, तर छापेच्या रकान्यात 1972, धंद्याच्या रकान्यात वाहनविक्रीसाठी 1948 आणि उत्पादनपरवान्यासाठी 1959, आणि आजच्या मालक कंपनीच्या रकान्यात 2007 असे येईल. 1926 हे वर्ष यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही. ते समूहाचे आहे, आणि लिहायचेच असेल तर वेगळ्या वाक्यात लिहावे. शिवाय चेतकला एक खंड आहे: जुन्या स्कूटरचे उत्पादन 2000 नंतरच्या दशकात थांबले, ऑक्टोबर 2019 मध्ये तेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरसाठी पुन्हा पुढे आले आणि जानेवारी 2020 मध्ये तिची विक्री सुरू झाली. "1972 पासून" असे लिहिले तर मधला खंड नाहीसा होतो, म्हणून "1972 मध्ये प्रथम, 2020 पासून पुन्हा" असे लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

व्यापारचिन्हाची नोंद

छापेच्या रकान्यासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे व्यापारचिन्हांची नोंदवही. ipindia.gov.in या संकेतस्थळावर ती सर्वांना विनामूल्य पाहता येते. शोधताना शब्दाबरोबर वर्ग द्यावा लागतो. मसाले 30 व्या वर्गात येतात आणि वाहने 12 व्या. नोंद उघडल्यावर तीन गोष्टी टिपून घ्याव्यात: अर्जाची तारीख, मालकाचे नाव आणि "User Detail" या मथळ्यासमोरची तारीख.

अर्जाची तारीख म्हणजे छापेचा जन्म नव्हे. तीस वर्षे वापरात असलेल्या छापेचा अर्ज मालक तिसाव्या वर्षीही करू शकतो, आणि मराठवाड्यातील छोट्या पेढ्यांत तो बहुधा शेजारच्या जिल्ह्यात कोणी तशीच छाप काढली की मगच केला जातो. नोंदणी मंजूर झाली की ती अर्जाच्या तारखेपासूनच लागू धरली जाते, त्यामुळे प्रमाणपत्रावरची तारीख पाहूनही छापेचे वय कळत नाही. खरा उपयोग वापराच्या तारखेचा आहे. तेथे एखादी जुनी तारीख असेल, तर त्या दिवसापासून छाप वापरात असल्याचा अर्जदाराचा दावा आहे असे समजावे, आणि "Proposed to be used" असे असेल, तर अर्जाच्या दिवसापर्यंत ती वापरात नव्हती असे अर्जदाराने स्वतःच मान्य केले आहे. पाकिटावर "स्थापना 1958" आणि नोंदवहीत 1998 च्या अर्जात "Proposed to be used" अशी जोडी सापडली, तर 1958 हे छापेचे वर्ष नाही हे निदान त्या चिन्हापुरते निश्चित झाले.

उलट बाजूने मात्र इतकी खात्री बाळगता येत नाही. वापराची तारीख हा अर्जदाराचा दावा असतो आणि जितकी जुनी तारीख तितका त्याचा हक्क बळकट होतो, त्यामुळे ती मागे ढकलण्याचा मोह स्वाभाविक आहे. 2017 च्या नियमांनंतर अशा दाव्यासोबत प्रतिज्ञापत्र आणि वापराचे कागद जोडावे लागतात, आणि ते कागद नोंदीसोबत दिसत असतील तर आधी तेच वाचावेत. सर्वांत जुने बिल 1983 चे आणि दावा 1958 चा असेल, तर आपल्या वहीत "किमान 1983 पासून, मालकाच्या दाव्यानुसार 1958" असे लिहावे.

एकाच छापेच्या अनेक नोंदी असतात हेही ध्यानात ठेवावे. अक्षरे बदलली, चित्र बदलले की नवा अर्ज होतो. घोड्याचे चित्र 1990 चे आणि नुसता शब्द 1964 चा असेल, तर ज्या रूपाविषयी आपण लिहीत आहोत त्याचीच तारीख घ्यावी.

मालकांची साखळी

छाप जुनी आणि कंपनी नवी असेल, तर मधले दुवे जोडल्याशिवाय दोन्ही वर्षे एका वाक्यात आणू नयेत. दुवा म्हणजे छाप एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेल्याचा कागद: भागीदारीचे विसर्जनपत्र, वाटणीपत्र, विक्रीखत, विलीनीकरणाचा आदेश किंवा व्यापारचिन्हाच्या हस्तांतराची नोंद. भावाभावांच्या वाटणीत दुकान एकाकडे आणि छाप दुसऱ्याकडे गेलेली असते, आणि पुढे दोघेही पाटीवर तेच स्थापनावर्ष लावतात. दोघेही आपापल्या परीने खरे असतात: एकाकडे धंद्याचे सातत्य असते आणि दुसऱ्याकडे नावाचे.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत 2001 पासून गाड्या जोडणारी स्कोडा याच प्रश्नाचे मोठ्या आकाराचे उदाहरण आहे. ही मोटार कंपनी आपला आरंभ 1895 मध्ये मानते, कारण त्या वर्षी म्लादा बोलेस्लाव येथे लॉरिन आणि क्लेमेंट यांनी सायकलींचा धंदा सुरू केला. परंतु त्यांच्या सायकली आणि पहिल्या मोटारी स्कोडा नावाने विकल्या जात नव्हत्या. ते नाव पिल्सेनच्या एका वेगळ्या यंत्रकारखान्याचे होते. तो कारखाना 1859 चा, एमिल स्कोडा यांनी 1869 मध्ये विकत घेतलेला, आणि लॉरिन-क्लेमेंट त्यात 1925 मध्ये सामील झाली. म्हणून धंदा 1895 चा, नाव त्याहूनही जुने, आणि मोटारीवर ते नाव मात्र 1925 नंतरचे. भारतातली कंपनी तर 2019 च्या विलीनीकरणानंतर स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया या नावाने चालते.

नोंदवहीच्या मागे जाताना

स्वातंत्र्यापूर्वीच्या छापेचा शोध मराठवाड्यात वेगळ्या वाटेने करावा लागतो. सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचा स्वतःचा कंपनी कायदा होता, त्यामुळे त्या काळातील पेढीची नोंद मुंबईच्या दप्तरात सापडली नाही म्हणून ती पेढी नव्हतीच असा निष्कर्ष काढता येत नाही. भागीदारीची नोंदणी तर आजही ऐच्छिक आहे. अशा वेळी खतावणी, जकातीच्या पावत्या, भाडेचिठ्ठ्या, लग्नपत्रिकेच्या मागे छापलेली जाहिरात आणि रिकामे पत्र्याचे डबे हाच पुरावा.

या कागदांवर वर्ष पुष्कळदा फसली असते आणि उर्दूत असते. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीस आजूर महिन्यापासून सुरू होत असे. ऑक्टोबर ते डिसेंबरमधील तारीख असेल तर फसली वर्षात 590 मिळवावेत, आणि जानेवारीपासून सप्टेंबरअखेरपर्यंतची असेल तर 591. भाडेचिठ्ठीवर नुसतेच "1345 फसली" असेल, तर ते वर्ष ऑक्टोबर 1935 ते ऑक्टोबर 1936 एवढे पसरते, आणि महिना वाचता येत नसेल तर "1935-36" असेच लिहावे. वारसांनी हा आकडा हिजरी समजून वाचला, तर मात्र पेढी नऊ वर्षांनी म्हातारी होते, कारण हिजरी 1345 म्हणजे 1926-27. म्हणून कागदावर "फसली" हा शब्द किंवा आजूर, बहमन, तीर यांसारखे महिन्याचे नाव दिसते का, हे आकड्याआधी पाहावे. मोहरम, रज्जब, रमजान अशी नावे असतील तर ते हिजरी आहे.

शिवाय भाडेचिठ्ठी दुकानाचे अस्तित्व सिद्ध करते, छापेचे नाही. त्याच काळातल्या डब्यावर किंवा पावतीवर छापेचे नाव दिसले तरच ते वर्ष पहिल्या रकान्यात जाईल, एरवी दुसऱ्यात.

गुलमंडीच्या आपल्या पाकिटाची नोंद सगळे कागद पाहून झाल्यावर साधारण अशी होईल: "दुकान किमान 1958 पासून, भाडेचिठ्ठीवरून, छाप 1983 च्या बिलावर प्रथम आढळते, मालकाचा दावा 1958 चा, भागीदारीचे कंपनीत रूपांतर 2011, छाप कंपनीच्या नावे केल्याची नोंद आढळली नाही." शेवटचा तुकडा मालकांना आवडत नाही आणि तो गाळण्याची विनंती हमखास होते. तो ठेवावा, कारण छाप अजून वडिलांच्या नावावर असेल, तर "आजची मालक कंपनी" हा तिसरा रकाना कोणत्या वर्षाने भरायचा, हेच अजून ठरलेले नसते.